स्प्रिंगखालचं वजन: चाक आणि ब्रेक हलके असले की गाडी रस्ता का सोडत नाही

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये मोटर थेट चाकाच्या आत बसवायची कल्पना अधूनमधून बातम्यांत येते. ऐकायला ती फार सोयीची वाटते. गिअरबॉक्स नको, ॲक्सल नको, बोनेटखाली जागाच जागा. आणि दर वेळी कोणी तरी जाणकार मान हलवून म्हणतो, "पण अनस्प्रंग वेट वाढेल त्याचं काय?" ॲलॉय व्हील घ्यायला गेलात तर दुकानदारही हाच शब्द तोंडावर फेकतो आणि मोठ्या रिमला जास्त पैसे मागतो. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, पण ती गोष्ट नेमकी काय आहे हे समजावून सांगायला सहसा कोणी थांबत नाही. खरं तर थोडी बेरीज-वजाबाकी करायची तयारी असेल तर ती पूर्ण समजते.

## स्प्रिंगच्या वर काय, खाली काय

गाडीची बॉडी, इंजिन, सीटा, माणसं, सामान हे सगळं स्प्रिंगांवर बसलेलं असतं. हे स्प्रिंगवरचं वजन. स्प्रिंगच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला जे काही आहे ते स्प्रिंगखालचं वजन, म्हणजेच अनस्प्रंग वेट. त्यात टायर, रिम, हब, बेअरिंग, ब्रेकची डिस्क किंवा ड्रम, कॅलिपर आणि हे सगळं धरून ठेवणारा नकल हा धातूचा तुकडा येतो. सस्पेन्शनचे आर्म, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचं एक टोक बॉडीला आणि दुसरं चाकाला असतं, म्हणून त्यांचं साधारण निम्मं वजन खाली धरतात.

रचनेप्रमाणे हा आकडा खूप बदलतो. मागे अखंड ॲक्सल असलेल्या जीप किंवा ट्रकमध्ये डिफरन्शियलसकट आख्खा ॲक्सल चाकांबरोबर वरखाली होतो. नेहमीच्या पेट्रोल स्कूटरमध्ये इंजिन आणि ट्रान्समिशन एकाच सांगाड्यात असतात आणि तो सांगाडा मागच्या चाकाबरोबर हलतो, म्हणजे इंजिनाचा मोठा हिस्सा स्प्रिंगखाली जातो. लहान चाकांची स्कूटर मागच्या बाजूने उसळते याचं हे एक कारण आहे.

पुढच्या हिशोबासाठी एक साधी मोटार धरू. माणसांसकट वजन १,३६० किलो. चार कोपऱ्यांत सारखं वाटलं तर प्रत्येक चाकावर ३४० किलो येतात. त्यातले ३०० किलो स्प्रिंगवर आणि ४० किलो स्प्रिंगखाली, असं मानू. मध्यम आकाराच्या मोटारीला हे आकडे शोभणारे आहेत.

## चाक दोन स्प्रिंगांच्या मध्ये अडकलेलं असतं

हे लक्षात आलं की अर्धं काम झालं. वर सस्पेन्शनची स्प्रिंग असते, आणि खाली हवा भरलेला टायर ही सुद्धा एक स्प्रिंगच असते. फरक इतकाच की टायर खूप कडक असतो. आपल्या मोटारीत सस्पेन्शनची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण २ किलोचा भार लागतो, आणि टायर एक मिलिमीटर दाबायला साधारण २० किलोचा.

आता ३४० किलो टायरवर आहेत, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही टायर १७ मिलिमीटर दबलेला असतो. ही १७ मिलिमीटर म्हणजे रस्त्यावरची पकड टिकवण्यासाठी चाकाकडे असलेली सगळी शिल्लक. चाक रस्त्याच्या मानाने तेवढं वर गेलं की टायरवरचा भार शून्य होतो. मग तो टायर कितीही चांगला असो, तो ब्रेक लावू शकत नाही आणि वळणावर गाडी धरूही शकत नाही.

दोन स्प्रिंगा आणि दोन वजनं असली की प्रत्येक वजनाला डोलायची आपापली लय मिळते. ३०० किलोची बॉडी मऊ स्प्रिंगवर सेकंदाला साधारण सव्वा वेळा वरखाली होते. गतिरोधक ओलांडल्यावर जाणवणारा संथ डोल तो हाच. मधलं ४० किलोचं चाक दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांमुळे सेकंदाला जवळजवळ १२ वेळा थरथरू शकतं. या थरथरीला चाकाची उडी म्हणू. शेजारून जाणाऱ्या गाडीचं चाक खराब रस्त्यावर नीट पाहा. बॉडी बऱ्यापैकी शांत असते आणि खाली चाक इतक्या भरभर वरखाली होत असतं की त्याच्या कडा धूसर दिसतात.

## एका उंचवट्याचा हिशोब

रस्त्यावर डांबराचा एक उंचवटा आहे असं समजा. उंची फक्त २ सेंटिमीटर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ५५ सेंटिमीटर, आणि पलीकडे तेवढाच उतार. चढ आणि उतार दोन्ही गोलसर आहेत. रस्ता दुरुस्त केलेल्या जागी असे उंचवटे सर्रास असतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येते.

या वेगाला ५५ सेंटिमीटर कापायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात चाकाला २ सेंटिमीटर वर जायचं आहे, माथ्यावर थांबायचं आहे आणि लगेच खाली वळायचं आहे. वर जाणं अवघड नसतं, कारण रस्ताच त्याला ढकलतो. प्रश्न माथ्यावर येतो. चाक वर निघालेलं असतं आणि त्याला खाली वळवायचं काम आता रस्ता करू शकत नाही. रस्ता फक्त ढकलतो, ओढून घेत नाही. चाकाला खाली आणायला दोनच गोष्टी असतात: वरून दाबणारी स्प्रिंग आणि चाकाचं स्वतःचं वजन.

हातात एकदा बारीक छडी आणि एकदा घण घेऊन भरभर वरखाली करून पाहा. छडी मनात येताच दिशा बदलते. घण वर निघाला की निघाला, त्याला परत फिरवायला मनगट दुखतं. माथ्यावर स्प्रिंगची अवस्था त्या मनगटासारखीच असते.

आता आकडे. या आकाराच्या उंचवट्यावर त्या वेगाने रस्त्याला चिकटून राहायचं तर माथ्यावर चाकाला त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साडेसात पट जोराने खाली ओढावं लागतं. ४० किलोच्या चाकाला म्हणजे ३०० किलोचा जोर हवा. उपलब्ध किती आहे? स्प्रिंग आधीच ३०० किलोने दाबत होती. चाक २० मिलिमीटर वर आल्यामुळे ती आणखी दबली, म्हणजे अजून ४० किलो मिळाले. चाकाचं वजन ४०. एकूण ३८०. त्यातले ३०० वळवण्यात गेले आणि उरलेले ८० किलो टायर रस्त्यावर दाबायला शिल्लक राहिले. सपाट रस्त्यावर ३४० होते, म्हणजे पकड बरीच घटली, पण चाक जमिनीवर आहे.

त्याच गाडीला जड रिम, जड टायर आणि जड ब्रेक लावून स्प्रिंगखालचं वजन ६० किलो केलं तर? लागणारा जोर साठ गुणिले साडेसात, म्हणजे ४५०. उपलब्ध स्प्रिंगचे ३४० आणि चाकाचे ६०, एकूण ४००. पन्नास किलो कमी पडले. चाक हवेत गेलं.

आणि उलट बाजूने, ३० किलोपर्यंत हलकं केलं तर लागतात २२५ आणि उपलब्ध आहेत ३७०. टायरवर १४५ किलो उरतात. चाळीस किलोच्या चाकापेक्षा जवळजवळ दुप्पट.

खऱ्या रस्त्यावर टायर थोडा दबतो-फुगतो, शॉक ॲब्सॉर्बर मध्ये पडतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे या हिशोबाइतके टोकाचे नसतात. पण मूळ गोष्ट बदलत नाही. स्प्रिंगचा जोर बॉडीच्या वजनावरून ठरतो, चाकाच्या वजनावरून नाही. चाक जड केलं म्हणून त्याला खाली दाबणारा हात मोठा होत नाही, काम मात्र वाढतं.

## पकड सरासरीवर चालत नाही

यावर कोणी म्हणेल, एका क्षणी टायरवर भार कमी झाला तर पुढच्या क्षणी जास्त येणारच. हिशोब बरोबर झाला की!

होत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ३४० किलो स्थिर भारावर टायर जेवढी पकड देतो, तेवढी तो १०० आणि ५८० यांच्यात हेलकावे खाताना देत नाही, जरी सरासरी तीच आली तरी. दुसरं म्हणजे वळणावर टायरला बाजूचा जोर तयार करायला थोडं अंतर लोळावं लागतं. आधी रबर वाकतं, मग जोर येतो. चाक हवेत गेलं की हा जोर पूर्ण जातो आणि परत टेकल्यावर पुन्हा पहिल्यापासून तयार होतो.

म्हणून खडबडीत वळणावर जड चाकांची गाडी अक्षरशः बाजूला सरकत जाते. एका झटक्यात घसरत नाही, तर छोट्या छोट्या पावलांनी बाहेरच्या कडेकडे जाते आणि चालकाला सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं. सरळ रस्त्यावर ब्रेक लावला तर हीच गोष्ट एबीएसच्या रूपाने दिसते. लाटालाटांच्या रस्त्यावर हलक्याशा ब्रेकलाही पायाखाली पेडल थडथडतं, कारण उडी मारणारं चाक क्षणभर लॉक होतं आणि एबीएस ते सोडवतो.

## मग आरामाचा काय संबंध?

वरच्या उदाहरणात बॉडीवर आलेला जादा भार स्प्रिंगचा, म्हणजे ४० किलो. तो ३०० किलोच्या बॉडीला फार हलवत नाही. खरा त्रास नंतर होतो. उंचवटा संपल्यावर चाक आपल्या लयीत थरथरत राहतं आणि ती थरथर शॉक ॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांमधून बॉडीत शिरते. सीटवर ती ठोक्यांसारखी, स्टिअरिंगवर खरखरीसारखी जाणवते.

इथे माणसाच्या शरीराची एक बाजू महत्त्वाची ठरते. बसलेल्या माणसाला वरखाली होणारी कंपनं सगळ्यात जास्त त्रास देतात ती सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी. मोटारींची चाकं सेकंदाला ११-१२ वेळा थरथरतात, म्हणजे या त्रासदायक पट्ट्याच्या थोडी वर. चाक जड केलं की त्याची लय मंदावते. आपल्या मोटारीच्या प्रत्येक चाकात ३० किलोची मोटर बसवली तर स्प्रिंगखालचं वजन ७० किलो होतं आणि लय १२ वरून ९ च्या खाली येते. अजून आठावर नाही, पण दारात येऊन उभी राहते. उलट चाक ३० किलोचं केलं तर लय साडेतेराच्या पुढे जाते, पट्ट्यापासून आणखी लांब.

त्यात रस्त्याचीही भर पडते. कोणत्याही रस्त्यावर लांब लाटा मोठ्या असतात आणि आखूड लाटा लहान. चाकाची लय जितकी वेगवान, तितक्या आखूड लाटा तिला चेतवतात, आणि त्या लाटा मुळातच छोट्या असतात. ताशी ६० च्या वेगाला १२ च्या लयीला साधारण १ मीटर ४० सेंटिमीटर लांबीची लाट चेतवते, ९ च्या लयीला १ मीटर ८५ सेंटिमीटरची. ही दुसरी लाट सहसा जास्त उंच असते.

## "शॉकअप कडक केला की झालं"

गॅरेजमधला हा नेहमीचा सल्ला आहे आणि तो निम्मा बरोबर आहे. शॉक ॲब्सॉर्बरचं कामच हालचाल शमवणं. पण तोच शॉक ॲब्सॉर्बर वजनदार चाकावर कमी पडतो. चाक ४० वरून ६० किलो झालं तर चाकाची थरथर पहिल्याइतक्याच झोक्यांत विरायला शॉक ॲब्सॉर्बर साधारण २० टक्क्यांहून थोडा जास्त कडक करावा लागतो. तो कडक झाला की प्रत्येक बारीक खाचखळगा जास्त जोराने बॉडीत पोचतो. चाक धरलं तर बसणारा हलतो, बसणाऱ्याला जपलं तर चाक सुटतं. हलक्या चाकाने ही ओढाताण थोडी सैल होते, आणि माझ्या मते हलक्या चाकाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: इंजिनिअरला मऊ शॉक ॲब्सॉर्बर लावायची मोकळीक मिळते.

सिट्रोएनने १९४८ साली दाखवलेल्या टूसीव्ही या छोट्या गाडीत वेगळाच मार्ग काढला होता. प्रत्येक चाकापाशी एका नळकांड्यात स्प्रिंगवर तोललेलं एक वजन होतं. चाक आपल्या लयीत उडायला लागलं की हे वजन उलट्या दिशेला हलून ती उडी मारून टाकायचं. म्हणजे चाकाला वजन जोडून चाकाची उडी आवरली. ते एका लयीपुरतं चालतं, आणि गाडी फार वेगवान नव्हती म्हणून भागलं. पुढे चांगले शॉक ॲब्सॉर्बर आल्यावर ती वजनं निघून गेली.

## "आता सस्पेन्शन कॉम्प्युटरवर चालतं, वजनाचं काय एवढं?"

या शंकेचं उत्तर मला सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून थोडं सविस्तर.

चाक आणि बॉडी यांच्यामध्ये काहीही बसवा: साधी स्प्रिंग, हवेची, किंवा कॉम्प्युटरने चालवलेला हायड्रॉलिक दट्ट्या. तो बॉडीला जेवढ्या जोराने वर ढकलेल, तेवढ्याच जोराने चाकाला खाली ढकलेल. गाडीला एकूण बाहेरून मिळणारा बदलता जोर एकाच ठिकाणाहून येतो, टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथून. आता एक विशिष्ट लय अशी असते, चाकाच्या उडीच्या अगदी जवळची, की तिथे चाकाला हलवायला लागणारा जोर आणि टायर दबल्यामुळे मिळणारा जोर एकमेकांना तंतोतंत खातात. आपल्या मोटारीत ती सेकंदाला सव्वाअकराच्या आसपास येते. या एका लयीला बॉडीला बसणारा हादरा फक्त तीन गोष्टींवर ठरतो: रस्त्याची लाट किती उंच, टायर किती कडक, बॉडी किती जड. मधल्या सस्पेन्शनचा त्यात कुठेच संबंध उरत नाही. कितीही महाग सस्पेन्शन असलं तरी तिथे काही करू शकत नाही.

ही लय कुठे पडेल ते मात्र चाकाचं वजन आणि टायरचा कडकपणा ठरवतात. चाक हलकं केलं की ती वर सरकते, जिथे रस्त्याच्या लाटा लहान असतात. म्हणून सस्पेन्शन हुशार झालं तरी चाकाच्या वजनाचा प्रश्न संपत नाही. सगळ्यात प्रगत गाड्यांचे इंजिनिअरही चाकाच्या ग्रॅमग्रॅमचा हिशोब ठेवतात, त्याचं हे कारण.

## "मोठ्या गाड्यांची चाकं जड असतात, तरी त्या किती आरामदायी!"

कारण महत्त्वाचं आहे ते प्रमाण. ६० किलोचं चाक ३०० किलोच्या कोपऱ्याखाली असेल तर पाचास एक. तेच ५५० किलोच्या कोपऱ्याखाली असेल तर नवास एक. जड बॉडीची स्प्रिंग चाकाला जास्त जोराने खाली दाबते आणि चाकाच्या थरथरीने जड बॉडी कमी हलते. म्हणून मोठ्या गाडीला मोठं चाक परवडतं आणि छोट्या गाडीला मोठ्या गाडीचं रिम लावलं की ती बिघडते. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त उसळतो, तेही याचमुळे. चाक आणि ॲक्सल तेच असतात, वरचं वजन गेलेलं असतं.

चाकातल्या मोटरींचा प्रश्नही याच प्रमाणावर येऊन थांबतो. लोटस इंजिनिअरिंग आणि अशा मोटरी बनवणारी प्रोटीअन यांनी फोर्ड फोकस गाडीच्या प्रत्येक चाकाला ३० किलो वाढवून चाचण्या केल्या आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. फरक जाणवतो, पण स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुशं नव्याने जुळवली तर बराचसा भरून काढता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मोटर बनवणारेच त्यात सहभागी होते हे लक्षात ठेवूनही तो निष्कर्ष मला पटण्यासारखा वाटतो. त्यातली अट मात्र विसरू नये: ती पुरेशी जड गाडी होती आणि सस्पेन्शन पुन्हा जुळवायला जाणती माणसं होती. हलक्या गाडीत हेच करायला गेलं तर जागा कमी उरते.

## "जड चाक धक्का स्वतःच पचवतं" हे अगदीच खोटं नाही

अतिशय बारीक आणि वेगवान कंपनांच्या बाबतीत, म्हणजे चाकाच्या उडीपेक्षा बऱ्याच वरच्या लयीत, जड चाक खरोखर कमी हलतं आणि बॉडीकडे कमी पाठवतं. खरखरीत पृष्ठभागावरचा गुणगुणाट हलक्या चाकांनी थोडा वाढू शकतो. पण ही कंपनं रबरी बुशं आणि सीटचा फोम सहज गाळतात. ११-१२ ची उडी गाळायला ते कमी पडतात. म्हणून सौदा हलक्या चाकाच्या बाजूनेच जातो.

एक प्रचलित समजूत मात्र सोडून द्यावी. "स्प्रिंगखालचा एक किलो म्हणजे वरचे चार किलो", कोणी दहा म्हणतं. असं ठरलेलं गुणोत्तर नाही. दोन्ही वजनं वेगळी कामं करतात. चाक फिरवायला लागणारा जादा जोर ही आणखी तिसरी गोष्ट आहे, ती वेग घेताना आणि ब्रेक लावताना दिसते, खड्ड्यात नाही.

## वजन ब्रेकमधून काढायचं तर

चाकातलं बरंचसं वजन ब्रेकचं असतं. ओतीव लोखंडाचा कॅलिपर काढून ॲल्युमिनिअमचा लावला, किंवा डिस्कचा मधला टोपीसारखा भाग ॲल्युमिनिअमचा केला, तर पकडणारी बाजू तशीच ठेवून एका चाकावर दोन-तीन किलो सुटतात. कार्बन-सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कच्या साधारण निम्म्या वजनाची असते, पण तिची किंमत बहुतेक गाड्यांना पेलणारी नाही.

लोखंडी डिस्क नुसती पातळ किंवा लहान करून वजन वाचवू नये. डिस्क ही उष्णता साठवायची टाकी आहे. आपली १,३६० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर सुमारे ५२५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पुढच्या चाकांवर त्यातली ७० टक्के धरली तर प्रत्येक पुढच्या डिस्कला १८४. आठ किलोची डिस्क एका थांबण्यात सुमारे ४५ अंशांनी तापते, पाच किलोची सुमारे ७५ अंशांनी. एकदा थांबलं तर काही नाही. घाटातून उतरताना दहादा थांबलं की दोघींमधला फरक ब्रेक चालण्याचा आणि न चालण्याचा असतो.

दुसरा मार्ग म्हणजे ब्रेकच चाकातून काढून गाडीच्या मध्यभागी, शाफ्टच्या आतल्या टोकाला बसवणं. सिट्रोएन डीएसने १९५५ साली पुढच्या डिस्क अशा बसवल्या, जॅग्वार ई-टाईपने १९६१ साली मागच्या. ब्रेकचं वजन एकदम स्प्रिंगच्या वर गेलं. पण हवा कमी मिळाल्याने डिस्क तापतात, दुरुस्तीला हात पोचत नाही, आणि आता ब्रेकचा सगळा जोर शाफ्टमधून जातो. १९७० साली लोटस ७२ या रेसिंग गाडीत मोंझाच्या सरावात योखेन रिंट यांचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याने गाडी सुटली आणि कडेचा कठडा नीट बसवलेला नसल्याने तो अपघात जीवघेणा ठरला, असं तपासात पुढे आलं. आज बहुतेक सगळ्या गाड्यांत ब्रेक चाकातच असतात आणि वजन साहित्यातून कमी केलं जातं.

## रिम आणि टायर निवडताना

ॲलॉय म्हणजे हलकं, असं गृहीत धरू नका. स्वस्त ओतीव ॲलॉय तेवढ्याच मापाच्या लोखंडी रिमइतकं जड निघू शकतं, आणि माप एक-दोन इंचांनी वाढवलं तर बहुधा जास्तच जड. त्यासोबत टायरची भिंत बुटकी होते, म्हणजे टायरही कडक होतो. वरचा सगळा हिशोब आठवला तर दोन्ही गोष्टी चुकीच्या दिशेला जातात. दिसायला मोठं रिम छान असेल, पण ते पकडीसाठी घेतोय असं स्वतःला सांगू नये.

खात्री करायची असेल तर जुनं चाक टायरसकट साध्या वजनकाट्यावर ठेवा आणि मग नवं ठेवा. टायरचं वजन वेगळं विचारा. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्येही किलो-दीड किलोचा फरक सापडतो. रिममधून दोन-अडीच किलो आणि ब्रेकमधून तीन-साडेतीन किलो सुटले तर आपल्या मोटारीचं ४० चं ३४ होतं. वरच्या उंचवट्याच्या माथ्यावर टायरवर ८० ऐवजी जवळजवळ १२० किलो उरतात. गुळगुळीत रस्त्यावर हा फरक कळणार नाही. खडबडीत वळणावर कळेल.

हलकं रिम बनवताना धातू काढलेला असतो, म्हणून तो धातू चांगला असायला हवा. घडीव रिम त्याच ताकदीला ओतीवपेक्षा हलकं होतं आणि महागही. अनोळखी बनावटीचं, फार हलकं आणि फार स्वस्त असं तिन्ही एकत्र दिसलं तर घेऊ नका. रिमच्या आतल्या बाजूला ते किती किलो भार पेलू शकतं हे बहुधा कोरलेलं असतं. तो आकडा तुमच्या गाडीच्या सगळ्यात जड ॲक्सलवरच्या पूर्ण भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये.

आणि रिम बदलण्याआधी टायरवरून हात फिरवा. पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खोलगट चकत्या लागल्या तर ते चाक बऱ्याच दिवसांपासून उडतंय आणि शॉक ॲब्सॉर्बर ते आवरत नाहीये, असं बहुधा समजावं. चाकाचा तोल ढळला असेल किंवा बेअरिंग सैल असेल तरी असंच दिसतं, म्हणून तेही तपासून घ्या. हवेचा दाबही पाहा. जास्त हवा भरलेला टायर म्हणजे कडक झालेली खालची स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर गेलेला असताना हलकं रिम लावलं तर पैसे जातील आणि चाक उडतच राहील.